लायसन्समधला सी, लायसन्समधला एस आणि जजमेंटमधून गळलेला ई

मी पुण्यात बसून लंडनच्या क्लायंटसाठी काँट्रॅक्ट्स तपासते, म्हणजे ड्राफ्ट वाचायचा, क्लॉज एकमेकांशी जुळतात का बघायचं, डेफिनिशन्स तपासायच्या आणि शेवटी भाषा नीट करून परत पाठवायचं. मागच्या वर्षी एक सॉफ्टवेअरचं अ‍ॅग्रीमेंट आलं, ड्राफ्ट अमेरिकन टेम्प्लेटवरून केलेला पण करार इंग्लंडच्या कायद्याखाली होणार होता, म्हणून तिकडून एका ओळीचा निरोप की स्पेलिंग ब्रिटिश करा. टीममधल्या एका मुलाने, लॉ करून जेमतेम सहा महिने झालेले, वर्डमध्ये रिप्लेस उघडलं, license च्या जागी licence टाकलं, judgment च्या जागी judgement टाकलं, रिप्लेस ऑल दाबलं आणि फाइल पाठवून दिली.

फाइल उघडून बघितली तर त्यात licenced आलेलं, licencee आलेलं, आणि licensor मात्र जसाच्या तसा, कारण त्या शब्दात license ही सात अक्षरं सलग येतच नाहीत त्यामुळे कॉम्प्युटरने त्याला हात लावला नाही. म्हणजे हक्क देणारा एसने आणि घेणारा सीने, एकाच वाक्यात. मागच्या शेड्यूलमध्ये ओपन सोर्सची यादी होती, त्यात GNU General Public License चं नावसुद्धा बदललेलं. कोर्टाच्या निकालाचा उल्लेख जिथे जिथे होता तिथे ई घुसलेला. आणि practice हा शब्द क्रियापद म्हणून जिथे आला होता तिथे तो अमेरिकनच राहिलेला, कारण तो शोधायचाच राहिला होता.

मग कॉल झाला आणि त्या मुलाला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं की तुम्हाला इंग्लिश येत नाही, अशा स्पेलिंगने कराराचा अर्थ बदलतो, उद्या क्लायंट बुडेल. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. फाइल चुकीची होती हे खरंच, पण त्याला दिलेलं कारण तितकंच चुकीचं होतं, आणि हेच कारण लॉ कॉलेजात, मूट कोर्टात, इंटर्नशिपमध्ये वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते बाजूला ठेवून खरं कारण शिकवायला हवं असं माझं म्हणणं आहे.

आधी नियम काय तो बघू. ब्रिटिश पद्धतीत licence आणि practice ही नामं आणि license आणि practise ही क्रियापदं. मराठीत सांगायचं तर 'परवाना' सीने, 'परवाना देणे' एसने. 'वकिली' सीने, 'वकिली करणे' एसने. इंग्लिशमध्ये हीच जोडी advice आणि advise मध्येही आहे पण तिथे कोणी चुकत नाही कारण उच्चारच वेगळा, अ‍ॅडव्हाइस आणि अ‍ॅडव्हाइझ, कान आपोआप सांगतो. लायसन्स आणि प्रॅक्टिसमध्ये कान काहीच मदत करत नाही, दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून शंका आली की त्या जागी मनात advice-advise बसवून बघायचं, अ‍ॅडव्हाइस बसलं तर सी, अ‍ॅडव्हाइझ बसलं तर एस. ही युक्ती बहुतेकांना माहीत असते.

लोक अडकतात ते पुढच्या पायरीला. licensed, licensing, licensee, licensor हे सगळे क्रियापदापासून निघालेले, त्यामुळे त्यांना कायम एसच, कुठल्याही देशात. पण licence fee, licence number यात पहिला शब्द नामच आहे, दुसऱ्या नामाच्या आधी उभा राहिलाय एवढंच, म्हणून तिथे सी. एकाच जागी सगळं बघायचं असेल तर इंग्लंड आणि वेल्सचा २००३ चा लायसन्सिंग अ‍ॅक्ट उघडा. कायद्याच्या नावातच एस. दारू विकायच्या जागेला जो परवाना मिळतो तो premises licence, माणसाला मिळतो तो personal licence, आणि ते देणारी कौन्सिल म्हणजे licensing authority. प्रॅक्टिसचंही तसंच, कोर्टाच्या कामकाजाच्या सूचना म्हणजे practice direction, पण तिथल्या सॉलिसिटरला वकिली करायला जो दाखला लागतो तो practising certificate, कारण तो वकिली करण्याचा दाखला आहे.

आणि इथे स्पेलचेक तुम्हाला वाचवत नाही. भाषा यूके इंग्लिश लावलेली असली तरी license खाली लाल रेघ येईलच असं नाही, कारण तो खरा शब्द आहे, फक्त चुकीच्या जागी बसलाय. म्हणून हे काम डोळ्यांनीच करावं लागतं.

आता अर्थ बदलतो का याकडे येते. मला वाटतं आपल्याला हा समज मराठीतून मिळालाय. आपल्याकडे दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, शाळेत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की बाई सांगायच्या अर्थाचा अनर्थ झाला, आणि ते बरोबरच होतं कारण ते दोन वेगळे शब्द आहेत. licence आणि license तसे नाहीत. तो एकच शब्द आहे, नाम म्हणून येतो तेव्हा एका स्पेलिंगने आणि क्रियापद म्हणून येतो तेव्हा दुसऱ्या. तो नाम आहे की क्रियापद हे वाक्यातली त्याची जागा आधीच सांगते, त्यासाठी सी-एसची वाट बघावी लागत नाही. अमेरिकेत लायसन्सला दोन्हीकडे एस आणि प्रॅक्टिसला दोन्हीकडे सी लावतात, म्हणजे एकाला एका दिशेने आणि दुसऱ्याला उलट दिशेने सरळ केलंय, आणि तरी तिथले करार व्यवस्थित चालतात.

इंग्लंडचं कोर्ट तर शब्दाच्या लेबलवर इतकं अवलंबून राहतच नाही. लायसन्स या शब्दावरचाच तिथला सगळ्यात गाजलेला खटला घ्या, स्ट्रीट विरुद्ध माउंटफोर्ड. मार्च १९८३ मध्ये बॉस्कम नावाच्या समुद्रकाठच्या वस्तीत मिस्टर स्ट्रीट यांनी मिसेस माउंटफोर्ड यांना दोन खोल्या आठवड्याला ३७ पाउंडांनी दिल्या. स्ट्रीट स्वतः सॉलिसिटर होते. कागदावर त्यांनी लायसन्स, म्हणजे नुसती राहायची परवानगी, असं लिहिलं, आणि खाली बाईंची वेगळी सही घेतली की या लायसन्समुळे मला रेंट अ‍ॅक्टचं संरक्षण असलेली भाडेकरूची टेनन्सी मिळत नाही हे मला समजलंय आणि मान्य आहे. याहून स्पष्ट लेबल काय असणार? पण त्या खोल्यांचा ताबा पूर्ण बाईंकडे होता, दुसरं कोणी तिथे राहायला येऊ शकत नव्हतं, मुदत ठरलेली होती, भाडं ठरलेलं होतं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९८५ मध्ये लॉर्ड टेम्पलमन यांनी सांगितलं की ही टेनन्सीच आहे, तुम्ही तिला काहीही म्हणा. त्यांनी दिलेलं उदाहरण लॉचे विद्यार्थी आजही सांगतात, की खणायचं पाच दात्यांचं हत्यार कोणी बनवलं तर तो काटाच होतो, बनवणारा इंग्लिशशी अनोळखी असला आणि मी फावडंच बनवलंय म्हणून अडून बसला तरीही. आपल्या सुप्रीम कोर्टाने तर हेच तत्त्व १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात मांडलं होतं, कागदाचं रूप नाही तर त्यातला व्यवहार बघायचा.

जिथे अख्खा शब्द आणि त्यावरची सही कोर्टाला बांधू शकली नाही तिथे त्या शब्दातलं एक अक्षर काय बांधणार? शिवाय कागदात उघड चूक असेल आणि काय म्हणायचं होतं तेही उघड असेल, तर इंग्लंडमधलं कोर्ट ती दुरुस्त करूनच वाचतं. त्यामुळे एसच्या जागी सी पडला म्हणून कोणाचा हक्क जाईल असं नवीन मुलांना सांगणं बंद करायला हवं. भीतीने शिकलेला मुलगा रिप्लेस ऑल दाबतो, कारण त्याला वाटतं एकही सुटला तर संपलं.

मग एवढं जपायचं कशासाठी? माझं कारण साधं आहे, आणि ते वाचणाऱ्याचं आहे.

ड्राफ्टिंगमध्ये एक जुना नियम आहे की अर्थ बदलायचा नसेल तर शब्द बदलू नका. बातमी किंवा कथा लिहिताना तोच शब्द पुन्हा आला तर आपण दुसरा शोधतो, करारात उलट, एकदा 'प्रिमायसेस' म्हटलं की शेवटपर्यंत प्रिमायसेसच, मध्येच 'बिल्डिंग' आलं की वाचणारा थांबतो आणि विचारतो ही बिल्डिंग म्हणजे तीच जागा की दुसरी. त्याला थांबायलाच शिकवलेलं असतं, त्याच कामाचे पैसे त्याला मिळतात. आता त्याच्यासमोर अर्धवट बदललेली एखादी फाइल ठेवा. क्लॉज १ मध्ये Licence ची व्याख्या, कॅपिटल एलने, म्हणजे या करारात दिलेला तो ठराविक हक्क. क्लॉज ९ मध्ये License, पुन्हा कॅपिटलनेच पण एसने. तो थांबणार. ही टायपिंगची चूक आहे, की जुन्या टेम्प्लेटमधून आख्खा क्लॉज उचलून आणलाय आणि त्याच्या व्याख्या आणायच्या राहिल्यात? दुसरी शक्यता अगदी रोजची आहे, मी स्वतः असे उचललेले क्लॉज अशाच स्पेलिंगवरून पकडलेत. मग तो मागे जाणार, व्याख्या वाचणार, क्लॉज ९ मधले बाकीचे कॅपिटल शब्द तपासणार, आणि काहीच नाही निघालं तर त्याचा अर्धा तास गेला. चाळीस पानांत असं दहादा झालं तर त्याचा आमच्या कागदावरचा विश्वास जातो, आणि मग जिथे खरंच काही बदललंय तिथेही तो 'टायपिंग असेल' म्हणून पुढे जातो. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

म्हणून चूक कशाला म्हणायचं हेच बदलायला हवं. एस लिहिणं ही चूक नाही. एका कागदात कधी एस आणि कधी सी, त्यामागे नाम-क्रियापदाचं कारण नसताना, ही चूक. न्यूयॉर्कच्या कायद्याखालच्या करारात सगळीकडे license असेल तर तो पूर्ण बरोबर आहे, त्याला ब्रिटिश करायला जाऊ नका. इंग्लंडच्या कायद्याखालच्या करारात सी-एसचा नियम पाळा, कारण ज्या कायद्यांचे संदर्भ त्यात येणार ते तसे छापलेत आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तीच सवय आहे.

जजमेंटची गोष्ट वेगळी आहे, आणि ती या यादीत टाकतात हीच मोठी गडबड आहे. judgment आणि judgement यात नाम-क्रियापदाचा संबंधच नाही, दोन्ही नामंच. ब्रिटिश रोजच्या लिखाणात ई असलेलं चालतं आणि बऱ्याच ठिकाणी तेच आवडतं, एखाद्याची निर्णयबुद्धी किंवा अंदाज या अर्थाने. पण कोर्टाचा निकाल म्हटला की ब्रिटिश कायद्यात ई नाही. १८३८ चा जजमेंट्स अ‍ॅक्ट, ज्याखाली निकालाच्या रकमेवर व्याज लागतं, त्याच्या नावात ई नाही. सिव्हिल प्रोसिजर रूल्समध्ये ई नाही, यूके सुप्रीम कोर्टाच्या निकालांवर ई नाही. आणि अमेरिकेतही ई नाही, पण तिथे तो सगळ्याच अर्थांना नाही.

इथेच आमचा तो मुलगा फसला आणि त्याच्याआधी कितीतरी जण फसलेत. त्याला माहीत होतं की अमेरिकन लोक ई गाळतात, म्हणून ब्रिटिश करायचं म्हणजे ई घालायचा, तर्क अगदी सरळ होता. पण या एका शब्दात ब्रिटिश वकील अमेरिकनांच्याच बाजूला उभे आहेत, आणि ते त्यांच्याकडून उसनं घेतलेलं नाही, त्यांची स्वतःची जुनी सवय आहे. तर्काने बघितलं तर ई असायला हवा होता खरं तर, कारण इंग्लिशमध्ये जी नंतर ई आला की बहुतेक वेळा त्याचा ज होतो. म्हणजे इथे नियम नाहीच, रिवाज आहे, जसा कोर्टात बँड आणि गाऊन. रिवाज म्हणून तो पाळा. पण परीक्षेत कोणी ई लिहिला म्हणून मार्क कापायचे आणि वर त्याला व्याकरण म्हणायचं हे मला पटत नाही, कारण ज्याला व्याकरण येतं त्यालाही हे सांगितल्याशिवाय कळायचा मार्ग नाही.

आणि सी-एसचा नियम तरी कुठे एवढा सनातन आहे? जॉन्सनच्या १७५५ च्या डिक्शनरीत लायसन्सला नाम आणि क्रियापद दोन्हीकडे एसच दिलाय. आपल्याकडे इंग्रजांनीच केलेला १८८२ चा ईझमेंट्स अ‍ॅक्ट बघा, कलम ५२ मध्ये लायसन्सची व्याख्या आहे, दुसऱ्याच्या जागेत एखादी गोष्ट करायची परवानगी जी नसती तर ते करणं बेकायदा ठरलं असतं, आणि तिथे नाम असूनही ते license असं एसने छापलंय. उलट १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ मध्ये, जिथे मुदत संपल्यावर जागा परत द्यायची तरतूद आहे, तिथे सी. म्हणजे तुमच्या अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटला लागू होणारे दोन कायदे, एकात एस आणि दुसऱ्यात सी.

पण नियम नीट पाळलेला बघायचा असेल तर त्यासाठी लंडनला जायला नको, आपलं संविधान उघडा. कलम १७ मध्ये अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचं कुठल्याही रूपातलं आचरण निषिद्ध आहे, तिथे आचरण हे नाम, म्हणून practice. कलम १९ मध्ये कुठलाही पेशा आचरण्याचा हक्क, तिथे क्रियापद, म्हणून practise. कलम २५ मध्ये धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क, पुन्हा practise. आंबेडकरांच्या मसुदा समितीच्या हातून गेलेला मजकूर आहे तो. मी नवीन मुलांना नियम शिकवताना हीच तीन कलमं देते, एकदा वाचली की विसरत नाहीत. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्येही वकिली करण्याचा हक्क एसनेच लिहिलाय, आणि तरी आपल्या वकिलांच्या प्रोफाइलवर 'practicing' दिसतं तेव्हा मी ते कळवते, पण हसत नाही, कारण अमेरिकन पद्धतीने ते बरोबरच आहे.

आता ती फाइल आम्ही कशी नीट केली ते सांगते, कारण प्रत्यक्षात हेच उपयोगी पडतं. आधी मूळ ड्राफ्ट परत घेतला, बदललेला नाही. त्यात licen एवढीच अक्षरं शोधली, म्हणजे सगळी कुटुंबं एकदम समोर येतात, आणि एकेक बघत गेलो. त्यानंतर practi शोधलं, आणि शेवटी judg. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, हा शब्द करारातला स्वतःचा आहे की दुसऱ्या कोणाचं नाव किंवा उद्धरण आहे? दुसऱ्याचं असेल तर हात लावायचा नाही. GNU General Public License एसनेच राहणार कारण ते त्याचं नाव आहे, तसंच ब्रिटिश सरकारचं Open Government Licence सीनेच राहणार, करार कुठल्याही देशाचा असो. अमेरिकन निकालातलं वाक्य अवतरणात असेल तर त्यातलं स्पेलिंग त्यांचंच. आणि शेड्यूलमध्ये कोडचा एक तुकडा जोडला होता त्यात ही ओळ होती

```
"license": "MIT"
```

हे फील्डचं नाव आहे, कोडची पॅकेजं सांभाळणाऱ्या npm ने ते एसनेच ठरवलंय, तिथे सी घातला तर ते ठरलेलं नावच राहत नाही. रिप्लेस ऑलने तिथेही सी घातला होता आणि आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्या मुलानेच ते शोधून काढलं. दोघांना मिळून पावणेदोन तास लागले. रिप्लेस ऑलला बहुतेक दहा सेकंद लागले असतील, पण इथे तो हिशोब चालत नाही.

काही जण म्हणतात की जग अमेरिकन स्पेलिंगकडेच चाललंय, तुम्ही कशाला जुनं धरून बसता. चाललं असेल. ब्रिटिश संसदेने उद्या ठरवलं की यापुढे सगळीकडे एस, तर मी परवापासून एस लिहीन, मला सीचं प्रेम नाही. पण जोवर तिथले कायदे दोन स्पेलिंगने छापले जातायत तोवर त्यांच्या कायद्याखालच्या कागदात ते पाळायला हवं. आणि जे लोक हे न पाळणाऱ्याला अडाणी ठरवतात त्यांनी १८८२ चा कायदा एकदा वाचावा.

परवा माझ्या मावशीने कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिला, एजंटने अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट पाठवला, वर ठळक अक्षरात Leave and License Agreement. तो मुलगा माझ्या शेजारीच बसला होता, त्याने बघितलं आणि विचारलं, मॅडम हे सीने करू का? मी म्हटलं आत काय आहे ते बघ आधी. त्याने सगळी पानं वाचली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एसच होता, एकदाही सी नाही. मग राहू दे म्हटलं, आणि डिपॉझिटचा आकडा अक्षरांत आणि अंकांत वेगळा पडला होता तो दुरुस्त करायला एजंटला फोन लावला.